आत्याच्या हस्तलिखितासाठी पेटी: कामाच्या नोंदी

22 जून, रविवार

आत्याची पहिली कादंबरी लिहून झाली. चार वर्षं लागली, सगळी हातानं, रेघी फुलस्केपवर, एका बाजूनं. मंगळवारी तिचा फोन आला तेव्हा "झालं रे एकदाचं" एवढंच म्हणाली आणि पुढे पावसाचं बोलायला लागली, पण आवाजावरून कळत होतं किती खूश आहे ते. मग घरच्या ग्रुपवर बातमी गेली आणि दहा मिनिटांत सुरू, कधी छापणार, प्रकाशनाला कोणाला बोलवणार, माझ्या ओळखीचे एक प्रकाशक आहेत. काल परत बोललो तर म्हणाली, "अरे मी अजून सलग वाचलीसुद्धा नाहीये, आणि लोक तारीख विचारतायत."

तिला काहीतरी द्यायचं हे नक्की होतं. पण त्या वस्तूनं तिच्याकडे काही मागता कामा नये, हे त्या वाक्यानंतर ठरलं. चांगलं पेन म्हणजे पुढचं लिही. कोरी वही, तेच. पाच प्रती छापून देणं मनात होतं, पण मग त्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न तिच्या गळ्यात, आणि टाइप करायला कागद मागितले म्हणजे मी ते वाचणार, जे तिनं अजून कोणाला दिलेले नाहीत. स्पायरल बाइंडिंग तर मूळ पानांना भोकं पाडतं, शिवाय पानांचा क्रम पक्का होतो, आणि तिला अजून पानं इकडची तिकडं करायची असणार.

आत्ता ते कागद एका जुन्या साडीच्या खोक्यात आहेत, वर रबर लावलेलं. म्हणून पेटी. चांगली, कापड लावलेली, पुस्तकासारखी उघडणारी. कागद ठेवायला जागा, बाकी तिचं ती बघेल.

मी याआधी वह्या शिवल्यात पण पेटी कधी केलेली नाही. कोणी असंच काही करणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतोय.

25 जून

मापं मागवली. वहिनीला (आत्याची सून) विश्वासात घेतलं, आत्या देवळात गेल्यावर तिनं मोजून पाठवलं: 20.6 × 32.6, जाडी 3.8 सेंमी. लगेच कागदावर आकृती काढली.

28 जून, शनिवार

सुदैवानं पुठ्ठा कापला नव्हता. साताऱ्याला एका कामासाठी जायचं होतंच, तिथे स्वतः मोजलं तर 21 × 33. वहिनीनं प्लास्टिकच्या पट्टीनं मोजलं होतं आणि पट्टीचं टोक कागदाच्या कडेला लावलं होतं, शून्याची रेघ टोकापासून चार मिमी आत असते. त्या मापानं पेटी केली असती तर कागद आत गेलेच नसते. मापं दुसऱ्याकडून घेणार असाल तर त्या पट्टीचा फोटो मागवा.

दुसरं म्हणजे पान 21 × 33 असलं तरी गठ्ठा तेवढा नसतो. प्रत्येक प्रकरण हिरव्या टॅगनं बांधलंय, काही पानांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डकवल्यात, त्यामुळे कडा एका रेषेत येत नाहीत. गठ्ठ्याचं सगळ्यात रुंद माप 21.3 × 33.4 भरलं. 287 पानं. जाडी नुसती ठेवली तर 4.2, हातानं हलकं दाबलं की 3.6. कोऱ्या कागदाच्या हिशेबानं ती तीनच्या आत असायला हवी, पण आत्या बॉलपेन दाबून लिहिते, पानाच्या मागच्या बाजूला अक्षरं बोटाला लागतात, आणि असा कागद फुगून बसतो. हातानं लिहिलेल्या गठ्ठ्याची जाडी पानं मोजून काढू नका, प्रत्यक्ष बघा.

मी पानं पालथी करून मोजली. एकही ओळ वाचली नाही.

ठरलेली मापं: आतली जागा 21.9 × 34.0 (गठ्ठ्याच्या चारही बाजूंना 3 मिमी मोकळीक), उंची 4.5. त्यात 3.6 गठ्ठा, 2 मिमी तळाची फळी (ती का, ते पुढे येईल) आणि 7 मिमी वाढीव पानांसाठी.

29 जून, रविवार

सामान. अप्पा बळवंत चौकाजवळच्या बाइंडिंगच्या सामानाच्या दुकानातून 2 मिमी ग्रे बोर्डाच्या दोन मोठ्या शीट, 170 रुपये. पांढरं फेव्हिकॉल घरी होतं. आतून लावायला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून सुती चिंध्यांचा हातकागद, जाड चार आणि अगदी पातळ तीन, मिळून 380. सुतीच घ्यायचं कारण असं की ग्रे बोर्ड रद्दीपासून बनतो, त्यात आम्ल असतं, आणि त्याला थेट टेकून राहिलेला कागद काही वर्षांनी कडेनं पिवळा पडतो. मध्ये सुती कागदाचा थर असला की हे बरंच लांबतं. कायमचं थांबत नाही, तेवढा दावा मी करणार नाही.

बाहेरून लावायला बाइंडिंगचं कापड बघितलं, 140 रुपये मीटर, ठीक होतं. घरी आल्यावर आईला सांगितलं तर ती काही न बोलता आत गेली आणि आजीचं नऊवारी घेऊन आली. सुती, डाळिंबी रंगाचं, हिरवा काठ. आजी म्हणजे आत्याची आई. मधे विरलंय पण पदराकडचं दोन हात चांगलं आहे. "हे लाव," म्हणाली.

तर आता काम अवघड झालं, पण दुसरं काही लावायचा प्रश्नच उरला नाही.

2 जुलै

लुगड्याचं कापड सरळ पुठ्ठ्याला लावता येत नाही, हे एक तुकडा वाया घालवून शिकलो. वीण मोकळी असते, फेव्हिकॉल त्यातून वर येतो आणि वाळला की चकचकीत डाग दिसतो, ओल्या फडक्यानं पुसला की आणखी पसरतो. हा तुकडा मधल्या विरलेल्या भागातला होता म्हणून निभावलं.

यावर उपाय म्हणजे कापडाला आधी मागून पातळ कागद लावून घ्यायचा, आणि तो फेव्हिकॉलनं नाही, खळीनं. एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर चाळणीतून घासून काढली, गुठळी राहिली की ती कापडावर फोडासारखी दिसते. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. मी घातलं नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, तांब्यानं कागद काळानं ठिसूळ होतो आणि ही पेटी कागदांसाठीच आहे.

आधी रंग जातो का ते बघितलं. ओल्या पांढऱ्या रुमालाखाली तुकडा अर्धा तास दाबून ठेवला, फिकट गुलाबी उमटलं. म्हणजे आतल्या बाजूला हे कापड कुठेच येऊ द्यायचं नाही, आत फक्त हातकागद.

5 जुलै, शनिवार

कागद लावायचा पहिला प्रयत्न फसला. कापडाला खळ लावली आणि वर कागद ठेवला. ओलं कापड ब्रशबरोबर ताणलं जातं, काठ नागमोडी झाला. परत पाण्यात बुडवून सोडवलं, धुतलं, दोरीवर टाकलं, अख्खी दुपार गेली.

6 जुलै, रविवार

आषाढीचा उपास, घरातच होतो, दिवसभर हेच. आज जमलं. कापड सनमायकाच्या टेबलावर उलटं पसरायचं, पाण्याच्या स्प्रेनं भिजवायचं आणि हातानं मधून बाहेर सारत सपाट करायचं. काठाजवळ स्टीलची पट्टी ठेवून धागे बोटानं सरळ केले, ओलं असताना ते हवे तसे सरकतात. मग खळ कागदाला लावायची, कापडाला नाही. कागद एका टोकापासून हळूहळू कापडावर सोडत जायचा आणि वरून कोरड्या ब्रशनं थापटायचं. कागद चारही बाजूंनी कापडापेक्षा दोन बोटं मोठा ठेवला, ती कड टेबलाला चिकटते आणि वाळताना सगळं ताणून धरते.

इतकं सपाट झालं की काठातली बारीक रुईफुलं एका ओळीत दिसायला लागली, जी लुगडं नेसलेलं असताना कधी नीट दिसलीच नव्हती.

9 जुलै

वाळायला पूर्ण तीन दिवस. उन्हाळ्यात एका दिवसाचं काम आहे, पण या हवेत टेबलाकडची बाजू ओलीच राहते. काल संध्याकाळी घाईनं एक कोपरा उचलून बघितला, तो ओला होता आणि आता तिथे सुरकुती आहे. तो भाग कापून टाकला.

12 जुलै, शनिवार

पुठ्ठा कापला. तळ 22.3 × 34.4, त्यावर उभ्या भिंती, लांब दोन 34.4 × 4.5 आणि आखूड दोन 21.9 × 4.5. कोपरे गुण्या लावून फेव्हिकॉलनं जोडले. एका दमात पुठ्ठा कापायला जाऊ नका, कटर हलका धरून सात-आठ वेळा त्याच रेघेवरून. दाबून कापलं की पातं तिरकं जातं, भिंत तिरकी बसते आणि मग कोपऱ्यात फट.

वरच्या आवरणाला तीन तुकडे, दोन पुठ्ठे 22.6 × 35 आणि मधला कणा. हे तिन्ही उरलेल्या शीटमधून काढले आणि शीट पुरावी म्हणून दोन्ही मोठे तुकडे आडवे कापले. इथे चूक झाली, ती चार दिवसांनी कळली.

16 जुलै

आवरणाला कापड लावलं, वजनाखाली ठेवलं (पाटा, दुसरं एवढं जड घरात काही नाही), आज काढलं तर झाकण पापडासारखं वळलेलं. मधे दीड सेंमीची पोकळी.

कारण दोन. पहिलं, पुठ्ठ्याचे तंतू एका दिशेनं बसलेले असतात, याला ग्रेन म्हणतात. ओल लागली की पुठ्ठा तंतूंना आडवा फुगतो आणि वाळताना तसाच आक्रसतो. तंतू कण्याला समांतर असले तर जो काही बाक येतो तो कमी आणि कण्याच्या आधारानं राहतो, आडवे असले की झाकणाची वरची-खालची टोकं उचलली जातात. ओळखायचं सोपं आहे, शीट दोन्ही दिशांनी हलकी वाकवून बघायची, ज्या दिशेनं सहज वाकते त्या घडीला तंतू समांतर. मला हे वह्यांमुळे माहीत होतं, तरी शीट वाचवायच्या नादात बघितलंच नाही. दुसरं कारण, एकाच बाजूला कापड लावून वाळू दिलं. कापडाची बाजू ओढते, समोरून ओढणारं कोणी नाही.

झाकण वाया गेलं. कापड मात्र खळीमुळे वाचलं. पुठ्ठ्याला जिथे कापड टेकतं तिथे फेव्हिकॉलऐवजी मी खळच वापरली होती, त्यामुळे ओला टॉवेल दोन तास ठेवल्यावर सगळं सुटून आलं. फेव्हिकॉल असता तर आजीचं लुगडं पुठ्ठ्याबरोबर टाकावं लागलं असतं. म्हणून सांगतो, जे कापड परत मिळणार नाही त्याला खळ.

नवीन शीट 85 रुपये.

19 जुलै, शनिवार

कापताना आकृती परत तपासली आणि आणखी एक चूक सापडली. कण्याची रुंदी मी 4.5 धरली होती, म्हणजे आतली उंची. पण पेटीची बाहेरची उंची 4.7, तळाचा पुठ्ठा 2 मिमी आहेच ना. कणा 4.5 ठेवला असता तर झाकण कण्याच्या बाजूला खाली आणि समोर वर, असं उतरतं बसलं असतं. आता कणा 4.7 × 35, आणि कणा व दोन्ही पुठ्ठ्यांच्या मधे 7 मिमी जागा, म्हणजे कापडाची बिजागरी नीट वळते.

या वेळी तंतू कण्याला समांतर, आणि बाहेरचं कापड लावल्यावर लगेच, ओलं असतानाच, आतून हातकागद. काठ बरोबर कण्यावर घेतला. दोन्ही बाजूंना टीपकागद, वर पाटा, आणि टीपकागद रोज बदलायचे.

23 जुलै

सपाट! कडेला पट्टी लावून बघितलं, एक मिमीचासुद्धा उजेड दिसत नाही.

26 जुलै, शनिवार

पेटी आवरणात चिकटवली. आता आतून कागद बाहेर कसे काढायचे हा प्रश्न. चारही बाजूंनी भिंत आहे, 287 सुटी पानं बोटांनी उकरून काढताना कोपरे दुमडणार. चॉकलेटच्या डब्यात असते तशी खालून फीत टाकली आणि तेवढ्याच रद्दी फुलस्केपचा गठ्ठा ठेवून बघितला. फीत ओढली की गठ्ठा मधूनच उचलला जातो, दोन्ही बाजू लोंबतात, आणि वरची पानं घसरतात.

म्हणून तळाची फळी. एक मिमीचा पुठ्ठा, दोन्ही बाजूंनी हातकागद, 21.6 × 33.7, फीत त्याच्या खालून चिकटवली. आता दोन्ही टोकं धरून उचललं की सगळा गठ्ठा ताटासारखा वर येतो. फीत साटीनची नको, टोकं सुटतात आणि हातातून निसटते. सुती नाडी घेतली, 20 रुपये.

27 जुलै, रविवार

वर नाव टाकायचं का यावर दोन दिवस घातले. एका बाइंडरनं सोनेरी अक्षरांचे 250 सांगितले होते, कादंबरीचं नाव आणि खाली आत्याचं. मी होकार देऊन आलो होतो. मग आठवलं, नाव अजून नक्की नाही असं ती दोनदा म्हणालीये. सोन्यात छापून दिलं की तिला ते बदलणं जड जाणार. रद्द केलं, बाहेरून काहीच नाही. झाकणाच्या आतून हातकागदाची एक छोटी खाच केली, व्हिजिटिंग कार्डाएवढी चिठ्ठी सरकवता येईल अशी. हवं तर ती लिहील, नको तर ती खाच नुसती शोभेची आहे.

2 ऑगस्ट, शनिवार

पेटी आठवडाभर पंख्याखाली उघडी. घाईनं बंद केली असती तर या हवेत आत बुरशी आली असती. नाक लावून बघायचं, ओल्या मैद्याचा वास येतोय तोवर पेटी तयार नाही. मंगळवारी वास येत होता, आज नाही.

सोबतच्या चिठ्ठीत जास्त वेळ गेला. पहिली: "छापून येईल तेव्हा पहिली प्रत माझी." फाडली. दुसरी: "ही तर सुरुवात आहे." हेही मागणंच आहे. तिसरीत वाचायला कधी देणार असं आलं, तीही फाडली. शेवटी जे खरं होतं तेवढंच लिहिलं:

"आत्या, तू चार वर्षं बसून हे पूर्ण केलंस याचा मला फार आनंद झाला. ही पेटी त्या कागदांसाठी. कापड आजीच्या लुगड्याचं आहे. कागद मोजताना पालथे ठेवले होते, काही वाचलेलं नाही."

9 ऑगस्ट, शनिवार

राखीला सगळे जमणार होते म्हणून मी सकाळी लवकर पोचलो, बाकीचे यायच्या आत. स्वयंपाकघरातच दिली. आधी काठावरून बोट फिरवलं, मग उलटी करून मागचं बघितलं, मग म्हणाली, "आईचं डाळिंबी." चिठ्ठी वाचून घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. मग आतून साडीचं खोकं आणलं, रबर काढलं, एकेक प्रकरण मोजून फळीवर ठेवलं आणि झाकण लावलं. बसलं बरोबर, फक्त टॅगच्या पत्र्याच्या टोकांनी वरचा कागद थोडा घासतोय, ती टोकं तिनं पानांखाली वळवून घेतली.

दुपारी काकांनी विचारलंच, मग कधी छापताय. आत्या म्हणाली, "आत्ता पेटीत आहे," आणि पोळ्या वाढायला लागली.

10 ऑगस्ट

खर्च: बोर्ड 255, हातकागद 380, नाडी 20, मैदा आणि ब्लेड धरून 60, टीपकागद 90. एकूण 805 रुपये. वेळ साधारण 40 तास, त्यातले निदान 15 चुकांचे.

14 सप्टेंबर, रविवार

गौरी-गणपतीनंतर आत्याचा फोन आला. दोन प्रकरणं परत लिहिलीत, आणि जुनी टाकवत नाहीत म्हणून तीही खाली ठेवलीत. आता झाकण समोरून तीन मिमी उघडं राहतं. फोटो पाठवला तिनं, खरंच राहतंय. मी 7 मिमी वाढीव धरले होते ते नव्या पानांच्या हिशेबानं, पण लिहिणारा माणूस जुनी पानं फेकत नाही, ती खालीच राहतात. निदान दीड सेंमी धरायला हवे होते. भिंती आता वाढवता येत नाहीत. उरलेल्या बोर्डातून तशीच दुसरी पेटी करतोय, आतली उंची 3 सेंमी, जुन्या पानांसाठी. लुगड्याचा हातभर तुकडा शिल्लक आहे, तो काठासकट फक्त कण्याला पुरेल, बाकी बाइंडिंगचं कापड.